स्वॅबमध्ये काही आले नाही, तरी स्राव थांबत नाही

"मॅडम, चार महिने झाले, अंगावरून पिवळसर जातं, वास येतो, आग होते. दोनदा बुरशीच्या गोळ्या आत ठेवून झाल्या, स्वॅबही दिला, पण रिपोर्टमध्ये काहीच आलं नाही. नवरा बोटीवर असतो, मध्यंतरी सुट्टीवर आलाय. हे त्याच्याकडून आलं असेल का? आणि आता डॉक्टरांकडे नेमकी कोणती तपासणी मागू?"

डिचोली भागातील एका विवाहितेने समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या पिशवीत जुने कागद होते आणि उत्तराची सुरुवात त्या कागदांतच होती. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत.) स्वॅबच्या अहवालात कल्चरमध्ये रोगकारक जंतूंची वाढ नसल्याचे लिहिले होते आणि तिने व घरच्यांनी तेवढेच वाचले होते. त्याच कागदावर थोडे वर पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, भरपूर असल्याचे आणि यीस्ट, म्हणजे बुरशी, दिसली नसल्याचेही नोंदवले होते. बुरशी नसताना बुरशीचे औषध दुसऱ्यांदा दिले गेले होते आणि पस सेल्स कशामुळे वाढल्या, याचा शोध कोणी घेतलाच नव्हता.

नेहमीच्या कल्चरमध्ये स्वॅब एका माध्यमावर पसरून त्यावर कोणते जीवाणू किंवा कोणती बुरशी वाढते ते पाहतात. असा स्राव लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या क्लॅमिडिया किंवा ट्रायकोमोनासमुळेही होतो. क्लॅमिडिया हा जीवाणू असला तरी तो केवळ जिवंत पेशींच्या आत वाढतो, त्यामुळे त्या माध्यमावर तो कधीच उगवत नाही. ट्रायकोमोनास हा तर जीवाणू नसून एकपेशीय परजीवी आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखला जातो मुख्यतः त्याच्या हालचालीवरून. नमुना थंड झाला किंवा सुकू लागला की ती हालचाल मंदावते, मग तो पस सेल्सच्या गर्दीत निराळा ओळखू येत नाही. तिचा स्वॅब गावाजवळच्या संकलन केंद्रात सकाळी घेतला होता आणि प्रयोगशाळेत पोहोचला होता दुपारनंतर. त्या अहवालाने दोन्ही संसर्ग नाकारले नव्हते, कारण त्या पद्धतीने ते सापडण्याची शक्यताच फारशी नव्हती.

म्हणून तिला मागण्यासाठी दोन तपासण्या नावानिशी लिहून दिल्या. पहिली 'वेट माउंट', म्हणजे आतून तपासताना घेतलेला स्राव सलाइनच्या थेंबात मिसळून काही मिनिटांतच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे; स्त्रीरोग विभाग आणि प्रयोगशाळा एकाच इस्पितळात असेल तेथे हे सोयीने होते. ही तपासणी स्वस्त आहे आणि ट्रायकोमोनास दिसला तर निदान पक्के होते, मात्र दिसला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही, कारण संसर्ग असलेल्या बऱ्याच स्त्रियांमध्ये तो या पद्धतीने निसटतो. दुसरी तपासणी 'नाट' किंवा पीसीआर, जिच्यात जंतूचा जनुकीय अंश शोधतात. ती एकाच स्वॅबवरून क्लॅमिडिया, गोनोरिया आणि ट्रायकोमोनास या तिघांसाठी करून मागावी. या तपासणीसाठी योनीमार्गातील स्वॅब पुरतो आणि संकोच वाटत असेल तर सूचना समजून घेऊन तो स्त्री स्वतःही घेऊ शकते. नमुना देण्यापूर्वी दोन दिवस आत गोळी, क्रीम किंवा धुण्याचे द्रावण वापरू नये.

येथे दोन ठिकाणी पैसे वाया जाताना मी वारंवार पाहते. क्लॅमिडियाची रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी, जी आयजीजी किंवा आयजीएम या नावाने मिळते, ती सध्याचा योनीमार्गातील किंवा गर्भाशयमुखाचा संसर्ग ठरवण्यास उपयोगी नाही. तसेच काही प्रयोगशाळांच्या मोठ्या पीसीआर पॅनलमध्ये युरियाप्लाझ्मासारखी नावे पॉझिटिव्ह येतात आणि घरात घबराट उडते. असे काही जंतू निरोगी स्त्रियांमध्येही आढळतात आणि केवळ त्यांच्या नावावरून औषध सुरू करू नये. पॅप स्मिअर ही तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापूर्वीच्या बदलांसाठी असते, या संसर्गांसाठी नव्हे.

तिला आतून तपासले तेव्हा स्राव पिवळट-हिरवा आणि फेसाळ होता आणि त्याचे पीएच ४.५ च्या वर होते. बुरशीच्या संसर्गात पीएच सहसा वाढत नाही, त्यामुळे तेथेच दिशा बदलली. वेट माउंटमध्ये हालणारा ट्रायकोमोनास दिसला. एवढ्यावर थांबता आले असते, पण गर्भाशयमुखाला स्वॅब लागताच रक्त आले आणि संबंधांनंतर कधी कधी डाग दिसतो असे तिनेही सांगितले, म्हणून डॉक्टरांनी पीसीआरही पाठवली. त्यात क्लॅमिडिया निघाला. एक संसर्ग सापडला की दुसरा शोधावा याचे कारण हेच, आणि त्याच कारणाने एचआयव्ही व सिफिलिसची रक्ततपासणीही तेव्हाच करून घ्यावी, जी सरकारी इस्पितळात विनामूल्य होते. तिचे ते दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले.

गर्भ नसल्याची खात्री करून तिला मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम आणि डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून दोनदा, सात दिवस देण्यात आले. गर्भवतीला डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, तिच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन असते. म्हणून हे औषध शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नये. ओटीपोटात दुखून ताप आला तर संसर्ग वर गर्भाशयात व नलिकांत पोहोचल्याचा संशय घ्यावा लागतो आणि त्याच दिवशी इस्पितळात जावे लागते. दुर्लक्षित क्लॅमिडियाने नलिका बंद होऊ शकतात आणि पुढे मूल न होण्याचे कारण तेच ठरू शकते.

राहिला तिच्या प्रश्नातला जड भाग. हे दोन्ही संसर्ग लैंगिक संबंधातूनच पसरतात, हे मी तिच्यापासून लपवले नाही. परंतु ते कोणाकडून आणि कधी आले, हे कोणताही अहवाल सांगत नाही. दोन्ही संसर्ग लक्षणांशिवाय अनेक महिने, कधी त्याहून अधिक काळ, शरीरात राहू शकतात. पुरुषांमध्ये तर लक्षणे बहुधा नसतातच. त्यामुळे सुट्टीच्या तारखांचा हिशेब मांडून विवाहाबाहेरच्या संबंधाची किंवा लग्नापूर्वीच्या गोष्टीची शहानिशा होत नाही. मी तिला सांगितले की, "तुम्ही त्यांना आरोप म्हणून काही सांगू नका, डॉक्टरांनी दोघांना औषध घ्यायला सांगितले आहे, एवढेच आधी सांगा, बाकीचे बोलणे नंतर माझ्यासमोर दोघांनी बसून करता येईल."

पती अजून घरीच होते आणि आपल्याला काही त्रास नाही, लघवीची तपासणीही नॉर्मल आहे, असे ते म्हणत होते. ती लघवीची नेहमीची तपासणी होती आणि नमुना मधल्या धारेचा होता. पुरुषाच्या पीसीआरसाठी किमान एक तास लघवी न करता सुरुवातीच्या धारेचे वीस-तीस मिलिलिटर घ्यावे लागते, कारण मूत्रमार्गातील जंतू त्या पहिल्या धारेबरोबर येतात. तसा नमुना दिल्यावर त्यांचाही क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. मात्र औषधासाठी अहवालाची वाट पाहिली नव्हती; दोघांचे औषध एकाच वेळी सुरू झाले आणि दोघांचाही पूर्ण कोर्स संपेपर्यंत संबंध टाळायला सांगितले, अन्यथा तोच संसर्ग पुन्हा परत येतो.

स्राव आठवड्याभरात ओसरला, तेव्हा खात्रीसाठी लगेच पुन्हा पीसीआर करावी असे तिला वाटले. उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत ही तपासणी केल्यास मेलेल्या जंतूंचे अंश सापडून ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तिला थांबवले. योग्य वेळ तीन महिन्यांनी, पुन्हा लागण झाली आहे का हे पाहण्यासाठी. पतीला त्यापूर्वीच बोटीवर रुजू व्हायचे होते, म्हणून त्यांनी सुटीवर परतताच आधी पहिल्या धारेचा नमुना द्यायचा आणि दोघांचे अहवाल हाती येईपर्यंत कंडोम वापरायचा, असे दोघांनी मिळून ठरवले.