१८४ पाउंड-फूट : २४९ न्यूटन-मीटर की २५०?

प्रश्न : «अमेरिकेतील फोक्सवॅगन जेटाच्या माहितीपत्रकात १.५ लिटर इंजिनाचा टॉर्क 184 lb-ft दिला आहे. रूपांतर केल्यावर माझ्याकडे २४९ न्यूटन-मीटर येतात. आपल्याकडच्या टायगुनच्या १.५ लिटर इंजिनाला मात्र २५० लिहिलेले दिसतात. तक्त्यात जेटासमोर काय लिहू?»

२५० लिहा. तुमचा गुणाकार बरोबर आहे. घोटाळा तुमच्या हाती आकडा येण्यापूर्वीच, अमेरिकी पत्रक तयार होताना झालेला आहे.

गुणक कुठून येतो ते एकदा पाहिले की हे लक्षात येते. येथील पाउंड हे वस्तुमान नसून बल आहे. एक पाउंड बल म्हणजे ४.४४८२ न्यूटन आणि एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर; दोहोंचा गुणाकार १.३५५८. त्यामुळे १८४ चे २४९.४७ होतात आणि पूर्णांकात २४९. आता उलट दिशेने जा. जर्मन कंपनीने इंजिनाचा टॉर्क मुळात २५० न्यूटन-मीटर असा ठरवला असेल, तर त्याचे १८४.३९ पाउंड-फूट होतात. अमेरिकी पत्रकात पूर्णांकच छापायचा असल्याने पुढचे ०.३९ गळून गेले आणि तुम्ही परत येताना तेवढाच अर्धा न्यूटन-मीटर कमी पडला. छापलेल्या १८४ मागे १८३.५ ते १८४.५ यांमधील कोणतीही किंमत असू शकते, म्हणजेच सुमारे २४८.८ ते २५०.१ न्यूटन-मीटर. या पट्ट्यात २४९ आणि २५० दोन्ही बसतात, म्हणून निवड गुणाकाराने होत नाही. मूळ आकडा कोणत्या एककात जन्मला हे पाहून करावी लागते.

हाच न्याय उलट बाजूनेही पाळावा. अमेरिकी बाजारातील २०१८ च्या मस्टँग जीटीचा ४२० हा आकडा पाउंड-फुटांतच ठरलेला आहे; त्याचे ५६९ होतात आणि ते ५६९ च राहू द्यावेत, दिसायला गोल म्हणून ५७० करू नयेत. मेट्रिक पत्रक सापडलेच नाही, तर २४९ लिहून शेजारच्या रकान्यात मूळ १८४ ठेवावे. २४९.४७ असे मात्र लिहू नये, कारण तेवढी अचूकता मूळ आकड्यात नाही. गुणक १.३६ धरण्याची सवयही सोडलेली बरी : १८४ ला त्याने योगायोगाने २५० येतात, पण ५०० पाउंड-फुटांच्या पिकअपला ६७८ ऐवजी ६८० येतात. तक्ता एक्सेलमध्ये असेल तर सूत्र एवढेच :

```
=ROUND(B2*1.3558179,0)
```

अर्ध्या एककाच्या फरकाने खरे तर कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते रकान्यात दोन एकके मिसळली की. माझ्याच एका जुन्या तक्त्यात आधीच न्यूटन-मीटरमध्ये असलेले २५० पुन्हा गुणले गेले आणि ३३९ झाले. ३३९ हा आकडा एखाद्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनाला शोभेल असा असल्याने कोणालाही खटकला नाही. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी कमाल शक्तीशी ताडून पाहतो. न्यूटन-मीटरला फेऱ्यांनी (आरपीएम) गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. टायगुनच्या या इंजिनाची कमाल शक्ती ११० किलोवॅट आहे आणि कमाल टॉर्क ३५०० आरपीएमपर्यंत टिकतो. ३३९ धरल्यास ३५०० ला १२४ किलोवॅट येतात, म्हणजे कमाल शक्तीपेक्षा जास्त. हे अशक्य आहे. २५० धरल्यास ९२ येतात आणि ते बसते.

ही परीक्षा फुगलेला आकडाच पकडते. रूपांतर राहूनच गेले आणि न्यूटन-मीटरच्या रकान्यात १८४ पडले, तर ती गप्प बसते. त्यासाठी शक्तीच्या बाजूने यावे लागते : ११० किलोवॅट ५००० आरपीएमपासून मिळतात, आणि ११० ला ९५४९ ने गुणून ५००० ने भागले की त्या फेऱ्यांवरचा टॉर्क २१० न्यूटन-मीटर निघतो. कमाल टॉर्क त्याहून कमी असूच शकत नाही, म्हणून १८४ खोटा ठरतो. यासाठी शक्ती किलोवॅटमध्येच घ्यावी. पत्रकात पीएस असेल तर आधी १.३६ ने भागावे. योगायोगाने हा गुणक टॉर्कच्या गुणकासारखाच दिसतो आणि त्यामुळेही पुष्कळ जण फसतात, पण दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

जाता जाता : lb-ft आणि ft-lb या दोन लेखनांत आकड्याचा फरक नाही. in-lb दिसले तर मात्र थांबा, कारण ते फुटाच्या बाराव्या भागाचे एकक आहे. इंजिनाच्या टॉर्कसाठी ते सहसा येत नाही, पण त्याच कागदावर खाली लहान बोल्टांच्या आवळणीसाठी असू शकते.