बोअरच्या पाण्यात पांढऱ्या मगांना धरलेले चहा-कॉफीचे डाग

प्रश्न: पुण्याहून सोलापूरला राहायला आलोय. पांढऱ्या सिरॅमिकच्या मगांना आतून चहा-कॉफीची तपकिरी कडी धरतात, साबणानं जात नाहीत. तारेच्या घासणीनं चकाकी जाईल अशी भीती वाटते. जोरात न घासता डाग कसे काढायचे?

तारेची घासणी लावू नका, तुमची भीती बरोबर आहे. तिनं वरच्या चकाकीवर बारीक चरे पडतात आणि पुढचा डाग त्याच चऱ्यांत जाऊन बसतो.

तुमच्या सोसायटीत वापराला बहुतेक बोअरचं पाणी असेल. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस कमी येत असेल, तर पाणी जड आहे असं समजा. चहा-कॉफीतली रंगीत द्रव्यं हवा लागली की गडद होतात आणि पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर मिळून मगाला पातळ पापुद्र्यासारखी चिकटतात. म्हणजे तुमच्या कड्यात नुसता रंग नाही, क्षारही आहे. साबण तेलकटपणा काढतो, क्षाराला तो काही करत नाही. म्हणून आधी क्षार सोडवायचा आणि मग रंग काढायचा.

क्षारासाठी लिंबूफूल आणा, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात सुटं मिळतं. आमच्या वहिनी बिनदुधाची कॉफी पितात, त्यांच्या मगाला सगळ्यात गडद कडं धरतं. दुधातली प्रथिनं ही रंगीत द्रव्यं बरीचशी धरून ठेवतात, त्यामुळे दुधाच्या चहाचा डाग त्या मानानं फिका असतो. वहिनींचा मग मी असा साफ करतो: आधी कोमट पाण्यानं विसळून घ्यायचा, कारण गार मगात एकदम उकळतं पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. मग गरम पाणी डागाच्या वरपर्यंत भरायचं. बरेच जण इथंच चुकतात. कडं पाण्याबाहेर राहिलं तर ते जसंच्या तसं राहतं. त्यात चहाचे दोन छोटे चमचे लिंबूफूल ढवळून अर्धा तास सोडून द्यायचं. काम होत असेल तर पाणी हळूहळू पिवळट होतं आणि कधी कधी तपकिरी पापुद्रे सुटून तरंगताना दिसतात.

ते पाणी ओतून मग नीट विसळा. आता जो फिका रंग उरेल त्याला खायचा सोडा पुरतो. जुन्या टॉवेलचा तुकडा, सोलापुरात त्याला तोटा नाही, ओला करून पिळा, सोड्यात बुडवा आणि बोटाच्या हलक्या दाबानं गोल फिरवा. सोड्याचे कण मऊ असतात, चकाकीला चरा पडत नाही. कानाच्या सांध्याशी बोट पोचत नाही, तिथं सोड्याची ओली पेस्ट थापून पंधरा मिनिटं ठेवा.

लिंबूफूल आणि सोडा एकत्र टाकू नका. फेस भरपूर येतो, त्यामुळे काहीतरी भारी चाललंय असं वाटतं, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि डाग तिथंच राहतो.

एवढ्यानंही तळाशी जुनाट डाग राहिला तर ऑक्सिजन ब्लीच घ्या. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं बघा आणि सुगंध वगैरे मिसळलेलं नसेल तेच घ्या. गरम पाण्यात एक छोटा चमचा टाकला की बुडबुडे येतात. तासभर ठेवून साबणानं दोनदा धुवा. ही पूड हाताला झोंबते, म्हणून हातमोजे घाला आणि मगावर झाकण ठेवू नका. फरशीचं क्लोरीनचं ब्लीच मात्र मगाला अजिबात नको, आणि ते लिंबूफुलाबरोबर तर कधीच नको. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डाग कड्यासारखा नसून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तपकिरी रेघांचा असेल, तर चकाकीलाच तडे गेलेत आणि रंग आत मुरलाय. तो यानं पूर्ण जाणार नाही. अशा मगात चहा पिण्याऐवजी पेनं ठेवा. सोनेरी काठ असलेल्या मगात लिंबूफुलाचं पाणी काठापर्यंत भरू नका, सोनं फिकं पडतं.

पुन्हा कडं धरू नये म्हणून चहा उजनीच्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा करा. क्षार कमी, तर पापुद्राही कमी. मग रिकामा झाला की लगेच विसळा आणि शेवटचं विसळणं बोअरच्या पाण्यानं करू नका.