‘मर्यादेच्या आत’ म्हणजे नेमकं कोणत्या मर्यादेच्या?

प्रश्न: आमच्या फाउंड्रीत फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, कामगाराला पंप लावून सिलिकाचं सॅम्पलिंग झालं. लॅबने ‘मर्यादेच्या आत’ असा रिपोर्ट दिलाय. तो खरा मानायचा का?

लॅबचं वजन बहुतेक वेळा बरोबरच असतं. घोटाळा होतो तो भागाकारात. लॅब फिल्टरवर किती धूळ आहे एवढंच मोजते. हवा किती खेचली हा आकडा पंप लावणाऱ्याने फॉर्मवर लिहिलेला असतो, आणि लॅब तो निमूटपणे भाजक म्हणून वापरते. त्यामुळे आधी फील्डशीट मागा, ती नसेल तर रिपोर्ट बाजूला ठेवा.

माझ्या हाती आलेला एक रिपोर्ट घेऊ, फेटलिंगचाच. जाड धूळ आधीच बाजूला काढणारा नायलॉन सायक्लोन, त्यापुढे ३७ मिमी पीव्हीसी फिल्टर. फिल्टरवर श्वसनीय धूळ ०.६० मिलिग्रॅम, त्यात सिलिकाचं स्फटिकरूप क्वार्ट्झ ४८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ८ टक्के. फॉर्मवर मिनिटाला १.७ लिटर, ४८० मिनिटं, एकूण ८१६ लिटर. त्यावरून क्वार्ट्झ घनमीटरला ५९ मायक्रोग्रॅम. पंपाच्या मेमरीत मात्र ४२० मिनिटंच होती. कॅलिब्रेशन सुरुवातीला १.७२, शेवटी १.६६, सरासरी १.६९. म्हणजे हवा ७१० लिटर, घनमीटरला धूळ ०.८५ मिलिग्रॅम आणि क्वार्ट्झ ६८ मायक्रोग्रॅम.

आता गंमत बघा. ते ६० मिनिटं पंप जेवणाच्या सुट्टीत बंद केला असेल आणि माणूस खरंच धुळीबाहेर बसला असेल, तर आठ तासांची सरासरी ६८ गुणिले ४२० भागिले ४८०, म्हणजे पुन्हा जवळपास ५९ च! पण बॅटरी बसल्यामुळे किंवा नळी मुडपल्यामुळे पंप थांबला आणि माणूस ग्राइंडर चालवतच राहिला, तर ५९ हा आकडा खोटा आणि ६८ च धरायचा. दोन्ही वेळा रिपोर्टवर ५९ च छापलेलं असतं. म्हणून पंप का थांबला हे शीटवर लिहिलेलं हवं. बारा तासांची पाळी असेल आणि धूळ तशीच राहिली, तर भागायचं ४८० मिनिटांनीच: ६८ चे १०२ होतात.

मग मर्यादा कोणती? कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीसाठी सूत्र आहे: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी + २). इथे १० भागिले १०, म्हणजे १ मिलिग्रॅम. ०.८५ त्याच्या आत बसतं, लॅबचा शेरा कागदावर बरोबर. पण त्याच हवेतलं क्वार्ट्झ ६८ मायक्रोग्रॅम आहे आणि अमेरिकेच्या ओशा या सरकारी कामगार-सुरक्षा यंत्रणेची मर्यादा आठ तासांना ५०, एसीजीआयएच या तिथल्याच तज्ज्ञांच्या संघटनेची २५. म्हणजे माणूस एक, फुप्फुस एक, नि निकाल दोन. ‘कायद्यात बसतंय ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांशी माझं याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाजतं. सूत्र जुनं आहे, आणि ते पाळलं म्हणून सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार थांबत नाही. मी अशा ठिकाणी एक्झॉस्ट सुधारायलाच सांगतो.

‘आढळलं नाही’ हा शेरा तर सगळ्यात फसवा. लॅब १० मायक्रोग्रॅमच्या खाली खात्रीने सांगू शकत नसेल आणि पंप दीड तासच चालला असेल, तर हवा १५३ लिटर. उत्तर येतं ‘६५ पेक्षा कमी’. पन्नासच्या मर्यादेपुढे त्याचा उपयोग शून्य. अमेरिकेच्या नायॉश या संशोधन संस्थेच्या ७५०० या सिलिका मोजण्याच्या पद्धतीत किमान ४०० लिटर सांगितलेत ते उगीच नाहीत.

सायक्लोनचा प्रवाह चुकला, तर तो गणिताने दुरुस्तही करता येत नाही. प्रवाह घसरला की जाड कण फिल्टरपर्यंत पोचतात, वाढला की बारीकही सायक्लोनखालच्या भांड्यात पडतात. म्हणून कॅलिब्रेशन सायक्लोन आणि फिल्टर जोडूनच करायचं, नुसत्या पंपाचं नाही. आधी-नंतरचा फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मी सॅम्पल टाकून देतो. जेवताना कुणी सायक्लोन उलटा ठेवला तर खालच्या भांड्यातली जाड धूळ फिल्टरवर येते. फिल्टरवर डोळ्यांना दिसणारे कण असतील तर हा संशय घ्या. आणि सायक्लोन कॉलरजवळ हवा, नाकापासून तीसेक सेंटिमीटरच्या आत. खांबाला टांगलेला पंप खांबाची धूळ मोजतो.

एक राहिलं: तुमचा रिपोर्ट एका माणसाचा, एका दिवसाचा आहे. युरोपचं ईएन ६८९ हे मानक एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांचे तीन निकाल घेऊन सुटका देतं, तीही तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाखाली असतील तरच. चार असतील तर ०.१५, पाच असतील तर ०.२ पट. तुमच्याकडे एकच असेल, तर अजून दोन दिवस पंप लावा, आणि त्यातला एक दिवस मोठ्या कास्टिंगचं फेटलिंग असेल तो निवडा.