बचत गटाच्या व्याजाची वर्षअखेरची वाटणी

प्रश्न: आमच्या गटात दहा जणी आहोत, महिना बचत २०० रुपये. एक ताई ऑक्टोबरमध्ये आल्या. अंतर्गत कर्जावरच्या व्याजातला प्रत्येकीचा वाटा कसा काढायचा?

उत्तर: रोकड वहीतून एप्रिल ते मार्चमध्ये प्रत्यक्ष जमा झालेले व्याजच घ्या, परत आलेले मुद्दल आणि थकलेले व्याज त्यात धरू नका. समजा व्याज ७,५३० रुपये आले आणि खर्च ३०० रुपये झाला, तर वाटपासाठी ७,२३० रुपये उरतात.

आता प्रत्येक हप्ता गटाकडे किती महिने राहिला, त्याने त्या रकमेला गुणा. एप्रिलचे २०० रुपये बारा महिने, तर मार्चचे एकच महिना राहतात, म्हणून पूर्ण वर्षाच्या सभासदासाठी महिन्यांची बेरीज बारापासून एकपर्यंत ७८ होऊन गुणाकार २०० × ७८ = १५,६०० आणि ऑक्टोबरच्या ताईंसाठी ती सहापासून एकपर्यंत २१ होऊन २०० × २१ = ४,२०० येतो. नऊ जणींचे १,४०,४०० धरून एकूण १,४४,६०० होतात. ७,२३० ला त्याने भागल्यावर दर ०.०५ निघतो, म्हणजे नऊ जणींना प्रत्येकी ७८० आणि ताईंना २१० रुपये मिळतील.

केवळ एकूण बचतीच्या प्रमाणात वाटल्यास ताईंना सुमारे ३८० रुपये जातात, आणि तो जादा भाग वर्षभर पैसे ठेवणाऱ्या नऊ जणींच्या वाट्यातून कमी होतो. उशिरा भरलेला हप्ताही प्रत्यक्ष भरल्याच्या महिन्यापासूनच मोजावा.