व्हॉइस मेसेजवरून कामांची यादी करताना प्रश्नचिन्ह पुसू नका

"सर सकाळी गाडीतून तीन-चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकतात. त्यात सात-आठ कामं असतात, काही अर्धवट बोललेली. मी यादी करून पाठवते तर म्हणतात, हे मी सांगितलंच नव्हतं, आधी ते करायचं होतं. प्रत्येक गोष्ट विचारली तर चिडतात. यादी नेमकी करायची कशी?"

तुमचं वाचलं आणि चाकणच्या ऑफिसातली माझी पहिली दोन वर्षं डोळ्यांसमोर आली. आमचे साहेबही असेच, गाडी सुरू झाली की बोलायला सुरुवात. इअरफोन लावणं, कामांपुढे नाव आणि तारीख टाकणं वगैरे तुम्ही करतच असाल, ते सोडून देते. मला सगळ्यात महाग पडलेली एकच चूक सांगते, कारण तुमच्या यादीतही तीच होत असावी असं वाटतंय.

एका बुधवारी मेसेज आला. त्यात मधेच एक वाक्य होतं: "आणि भिवंडीवाल्यांना कळव, परवाचं डिस्पॅच थांबवा म्हणावं." भिवंडीवाले म्हणजे आमचे ट्रान्सपोर्टवाले, त्यात शंका नव्हती. पण परवा म्हणजे कुठला परवा? आपल्या भाषेत होऊन गेलेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवा. एरवी क्रियापदावरून कळतं, परवा गेला होता, परवा जाणार आहे. इथे क्रियापद होतं "थांबवा", आणि ते दोन्हींना बसतं. सोमवारी एक लॉट निघाला होता, शुक्रवारी दुसरा निघायचा होता.

मी वहीत "परवा = ?" असं लिहिलंही होतं. पण टाइप करताना यादी नीटनेटकी दिसावी, साहेबांना "हिला एवढंही कळत नाही" असं वाटू नये, म्हणून ते प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं: "शुक्रवारचं डिस्पॅच थांबवणे." जो माल अजून निघालाच नाही तोच थांबवायचा असणार, असं माझ्या मनाने धरलं. साहेबांनी यादीवर अंगठा टाकला. गाडी चालवताना त्यांनी ती वाचली नसणार हे उघड आहे.

त्यांना हवं होतं सोमवारचं थांबवायला. त्या लॉटमध्ये जुन्या ड्रॉइंगचे ब्रॅकेट गेले होते आणि माल अजून भिवंडीच्या गोदामातच पडून होता. एका फोनवर परत आला असता. मी थांबवला शुक्रवारचा, नव्या ड्रॉइंगचा, ज्याची कस्टमर वाट बघत होता. चुकीचा माल पोचला, बरोबर माल आमच्याच शेडमध्ये राहिला. येण्याजाण्याचं भाडं आमच्या माथी, वर डेबिट नोट.

पुढचं आठवलं तरी अजून त्रास होतो. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. मी म्हणत होते, तो मेसेज एकदा ऐका, त्यात दोन्ही अर्थ निघतात. एकानेही ऐकला नाही. "विचारायला काय झालं होतं?" एवढंच. मग पत्रक निघालं की यापुढे सूचना फक्त मेलवर, आणि आठ दिवसांत व्हॉइस मेसेज पुन्हा सुरू झाले. मेसेज येणं बंद होईल अशी वाट बघू नका, ते होत नाही. पण विचारायला हवं होतं हे त्यांचं म्हणणं खरं होतं. शंका मला आली होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने पुसली.

तेव्हापासून शंका असलेलं काम मी यादीत सगळ्यात वर ठेवते. आणि शंका म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह नाही, "परवा म्हणजे कधी?" असंही नाही. त्याला लांब उत्तर द्यावं लागतं, आणि साहेब चिडतात ते त्यामुळे. त्यांचे शब्द जसेच्या तसे, पुढे दोन पर्याय, आणि उत्तर आलं नाही तर मी काय करीन हे. ते "काय करीन" नेहमी परत फिरवता येईल असंच असावं: मसुदा तयार ठेवीन, चौकशी करून ठेवीन. पाठवीन, थांबवीन, पैसे भरीन असं कधीच नाही.

खरा नमुना देते. एका सोमवारी, १३ जुलैला, ८.५० ला आलेला मेसेज, कस्टमरची ओळख काढून:

"हां, ऐक. त्या वाघोलीच्या पार्टीचं पेमेंट बघून घे, खूप दिवस झाले. आणि ते सर्टिफिकेट गेलं का, नसेल तर आजच्या आज पाठव. कोटेशन गुरुवारपर्यंत जायला पाहिजे, मागच्यासारखंच, फक्त रेट पावणेदोनशे धर. अकाउंट्सला विचार... नको, मीच बोलतो. ऑडिटवाले येणारेत बुधवारी, त्यांची सोय बघ. पीएफचं चलानही जाऊ दे ह्या आठवड्यात. आणि हां, ते पेमेंट म्हणालो ना, त्याला हात लावू नकोस, माझं बोलणं झालंय."

पहिलं काम शेवटच्या वाक्यात रद्द झालंय बघा. म्हणून पूर्ण ऐकल्याशिवाय एकही फोन लावायचा नाही. मी प्रत्येक कामापुढे मेसेजमधली वेळ लिहिते, ०.१०, ०.४० अशी. शंका आली की तेवढंच परत ऐकता येतं, आणि "मी असं म्हणालोच नव्हतो" झालं तर तेवढंच ऐकवताही येतं.

मग शंकांची छाननी. सगळ्या साहेबांकडे न्यायच्या नाहीत. "ऑडिटवाले, त्यांची सोय": हे आदराचं "त्यांची" एकासाठी की तिघांसाठी? जेवण किती, गाडी कोणती? पण ऑडिटची मेल माझ्याकडे होती, त्यात दोन नावं होती. दोन मिनिटांत कळलं, विचारलं नाही. "सर्टिफिकेट" तसं नव्हतं. शनिवारी लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट निघालं होतं आणि एका दुसऱ्या कस्टमरला सॅम्पलचंही द्यायचं राहिलं होतं. एकाचं दुसऱ्याला गेलं तर पंचाईत. "मागच्यासारखंच" हे तर सगळ्यात घातक. त्या पार्टीला दोन कोटेशनं गेली होती, मार्चमध्ये भाडं आपल्याकडे धरून, जूनमध्ये भाडं त्यांच्याकडे. किलोला १७५ रुपये हा रेट एकात परवडतो, दुसऱ्यात नाही. म्हणजे विचारायच्या शंका दोनच उरल्या. ९.२० ला हे पाठवलं:

उत्तर हवंय, दोनच:
१. कोटेशन "मागच्यासारखंच": अ) मार्चचं, भाडं आपल्याकडे. ब) जूनचं, भाडं त्यांच्याकडे. उत्तर येईपर्यंत दोन्ही मसुदे १७५ ने तयार ठेवते, पाठवत नाही.
२. "ते सर्टिफिकेट": अ) शनिवारच्या लॉटचं. ब) सॅम्पलचं. दोन्ही मेल तयार ठेवते, तुम्ही सांगाल ती लगेच जाईल.

आज: पीएफ चलान. शेवटची तारीख बुधवार १५. अकाउंट्सकडून आकडा १ पर्यंत घेते, बँकेची मंजुरी तुमची, ४ वाजता आठवण करते.
उद्या: ऑडिटची सोय, दोन माणसं, बुधवार १५.
गुरुवार १६ च्या आत: कोटेशन, बुधवारी संध्याकाळी तुमच्या नजरेखालून घालून.
सोडलं: वाघोली पेमेंट, तुम्ही शेवटी नको म्हणालात. अकाउंट्सशी तुम्ही बोलणार.

साहेबांचं उत्तर टोलच्या रांगेतून आलं: "१ब २अ". चिडायला जागाच नव्हती.

क्रमाबद्दल माझं मत जरा ठाम आहे, तुमच्या ऑफिसात वेगळं असू शकतं. साहेबांचा आवाज कुठे चढला, "आजच्या आज" कुठे म्हणाले, यावर क्रम लावू नका. गाडीत माणसाला जे आठवतं ते आधी येतं आणि ज्यावरून नुकताच फोन झाला ते मोठ्याने येतं. मी एकच बघते: हे राहिलं तर केव्हा आणि कुणाचं अडतं. वरच्या मेसेजमध्ये पीएफचा उल्लेख सगळ्यात निवांत, "ह्या आठवड्यात". पण पीएफ आणि ईएसआयची तारीख १५, ती उलटली की व्याज लागतं, आणि बुधवारी नेमके ऑडिटवाले दारात. म्हणून ते पहिलं. टीडीएसची ७, जीएसटीआर-१ ची ११, ३बी ची २०, ह्या तारखा माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत (दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या आहेत, तुमच्या अकाउंट्सकडून खात्री करून घ्या). साहेब विसरले तरी तारीख सरकत नाही. "आजच्या आज" म्हटलेलं काम खाली गेलं तर कारण तिथेच चार शब्दांत लिहायचं, म्हणजे "आधी ते करायचं होतं" ऐकावं लागत नाही.

"सोडलं" ही ओळ काढू नका, तीही मोलाची आहे. रद्द झालेलं काम यादीतून नुसतं गायब केलं तर आठ दिवसांनी प्रश्न येतो, त्या पेमेंटचं काय झालं? लिहिलेलं असलं की तुमचं ऐकणं बरोबर होतं की नाही हेही त्याच दिवशी कळतं. एकदा "राहू दे" म्हणजे रद्द की "तिथेच असू दे" यावरून माझा गोंधळ झाला होता, तो ह्या ओळीमुळेच सकाळी सुटला.

जाता जाता आकड्यांचं. गाडीच्या आवाजात सदतीस आणि सदुसष्ट, अडतीस आणि अडुसष्ट सारखेच ऐकू येतात. पावणे, सव्वा, अडीच यांच्यापुढे शे की हजार की लाख हे बोलताना गिळलं जातं. यादीत आकडा नेहमी अंकांत लिहा, "पावणेदोनशे" नाही, १७५. चुकीचा अंक साहेबांच्या डोळ्यांना लगेच खुपतो, शब्द नाही. तारखेचंही तसंच, वार आणि तारीख दोन्ही लिहा. "परवा" हा शब्द माझ्या यादीत त्या बुधवारनंतर एकदाही आलेला नाही.

हे सगळं लहान-मध्यम कारखान्याच्या ऑफिसातलं आहे. जिथे मोठी टीम आणि कामं नोंदवायची वेगळी व्यवस्था आहे तिथे पद्धत निराळी असेल. आणि शंका तीनपेक्षा जास्त उरल्या तर लिहीत बसू नका, साहेब पोचले की दोन मिनिटं मागून घ्या. पोचल्या पोचल्या नको, चहा आल्यावर.