पेन्शन इथली, मुक्काम मुलांकडे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या पेन्शनरांचे प्रश्न घोळून घोळून एकाच जागी येतात: कर नक्की कुठे भरायचा? म्हणून इथे फक्त अमेरिकेपुरते बोलतो. एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून भारताचे इतर देशांशी असलेले करार वेगळे आहेत. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यापुढच्या उत्पन्नासाठी कलमे आणि फॉर्मचे क्रमांक नव्याने तपासून घ्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. ग्रीन कार्डावर मुलाकडे न्यू जर्सीला राहते. दोन देशांत करार असल्याने अमेरिकेत या पेन्शनवर कर नाही, असे ग्रुपवर वाचले. खरे का? (राजापूर)

नाही. ग्रुपवर फिरते ते कराराचे कलम १९. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नोकरीची पेन्शन, देणाऱ्या देशातच करपात्र, असे त्यात आहे. पण त्याच कराराच्या कलम १ मध्ये अमेरिकेने स्वतःचा हक्क राखून ठेवला आहे. कलम १९ ची सूट अमेरिका फक्त त्यांनाच देते, जे तिचे नागरिकही नाहीत आणि तिथे कायम वास्तव्याचा दर्जाही ज्यांच्याकडे नाही. ग्रीन कार्ड म्हणजे तोच दर्जा. त्यामुळे पेन्शन तिथल्या वार्षिक कर विवरणात, म्हणजे Form 1040 मध्ये, उत्पन्न म्हणून धरावी लागते, आणि भारतात भरलेल्या कराची वजावट Form 1116 वर मिळते. ही वजावट त्या उत्पन्नावरच्या अमेरिकी करापेक्षा जास्त होत नाही.

आता घाबरण्यासारखे किती आहे ते पाहा. पेन्शन महिना ५०,००० म्हणजे वर्षाला ६ लाख धरू. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ५,२५,००० उरतात. ४ लाखांवरच्या १,२५,००० ला ५ टक्क्यांनी ६,२५० आणि उपकर २५०, एकूण ६,५०० रुपये. भारतात राहणाऱ्याला या रकमेवर कलम ८७अ च्या सवलतीमुळे शून्य कर लागतो. अनिवासी व्यक्तीला ती सवलत नाही. ‘शेजारच्यांना लागत नाही, मलाच कसा’ या प्रश्नाचे उत्तर इतकेच.

अमेरिकेत, डॉलर ८५ रुपयांना धरला तर, ६ लाखांचे साधारण ७,०६० डॉलर होतात. तुम्ही एकट्या असाल तर २०२५ ची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर, पासष्टीनंतर आणखी २,०००. दुसरे उत्पन्न नसेल तर तिथला केंद्रीय कर शून्य, म्हणजे दुहेरी कराचा प्रश्नच उद्भवत नाही. घरभाडे, व्याज किंवा तिथली नोकरी मिळून ही मर्यादा ओलांडली, तरच Form 1116 कामाला येतो. तेव्हा एक घोळ हमखास होतो. तिथले वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. फॉर्म १६ मधली रक्कम उचलून 1040 मध्ये टाकू नका. पासबुकातले जानेवारी ते डिसेंबरचे बारा हप्ते जुळवा. कोणत्या वर्षाचा भारतीय कर कोणत्या अमेरिकी वर्षात धरायचा, हे तिथल्या करसल्लागाराशी ठरवा. राज्याच्या कराचा हिशोबही वेगळा असतो, तोही त्यालाच विचारा.

बाजारपेठेतला एजंट म्हणतो, रत्नागिरीचा पत्ता घालून निवासी म्हणून ITR-1 भरा, बारा लाखांपर्यंत कर नाही. भरू का?

भरू नका. निवासी की अनिवासी हे भारतात काढलेल्या दिवसांवरून ठरते, घराच्या पत्त्यावरून नाही, आणि अनिवासीला ITR-1 चालत नाही. ते खोटे विवरण ठरते, आणि नोटीस एजंटच्या नव्हे, तुमच्या नावावर येते.

लोट्याच्या कंपनीतून निवृत्त झालो. विमा कंपनीकडून महिना ६०,००० अ‍ॅन्युइटी येते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर अनिवासी नोंद केली, तर ३१.२ टक्के कापू लागले. मुलगा म्हणतो, तो कर अमेरिकेत वजा करून घेऊ. (चिपळूण)

घेता येणार नाही. ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण यात लोकांचे पैसे खरोखर बुडतात.

खासगी नोकरीची पेन्शन कराराच्या कलम २० मध्ये येते, आणि ते कलम सांगते की अशा पेन्शनवर कर फक्त राहत्या देशात. तुम्ही करारानुसार अमेरिकेचे रहिवासी असाल, तर भारताला या रकमेवर कर घेण्याचा हक्कच नाही. वर्षाच्या ७,२०,००० वर कापलेले २,२४,६४० रुपये ही फक्त कपात आहे, तुमचा देय कर नव्हे. जो कर परत मागता येतो, त्याची वजावट अमेरिका देत नाही. मुलाने Form 1116 वर तो दाखवला तर तिथे नाकारला जाईल, आणि तोवर भारतातली परताव्याची मुदत टळलेली असेल. दोन्हीकडून हात रिकामे.

मार्ग सरळ आहे, पण वेळखाऊ. आधी अमेरिकेत रहिवासी म्हणून 1040 भरा; कर शून्य येत असला तरी भरा, कारण रहिवासाचा दाखला देताना सहसा तेच पाहतात. मग Form 8802 पाठवून Form 6166 हा दाखला मागवा. शुल्क ८५ डॉलर, आणि काम महिनोन् महिने रेंगाळते. जूनमध्ये सुरुवात करून ३१ जुलैला दाखला हातात येईल अशी आशा धरू नका. दाखला आला की भारताच्या आयकर पोर्टलवर Form 10F ऑनलाइन भरा, आणि ITR-2 मध्ये ही रक्कम करारामुळे करपात्र नसलेल्या उत्पन्नाच्या रकान्यात दाखवून पूर्ण परतावा मागा. ३१ जुलै हुकली तर विलंब शुल्कासह ३१ डिसेंबरपर्यंत संधी आहे. पुढच्या वर्षी हीच कागदपत्रे विमा कंपनीला आधी दाखवा आणि कपात थांबवण्याची लेखी विनंती करा.

‘दाखला आम्ही दोन दिवसांत काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तो अमेरिकेचे कर खातेच देते. आणि ज्या वर्षी भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात, त्या वर्षी दोन्ही देश तुम्हाला रहिवासी धरू शकतात. त्या वर्षाचे विवरण सनदी लेखापालाला दाखवल्याशिवाय भरू नका.

आम्ही उभयता दर वर्षी पाच महिने व्हिजिटर व्हिसावर मुलीकडे जातो. ग्रीन कार्ड नाही. आमचा तिथल्या कराशी काय संबंध? (देवगड)

असू शकतो. अमेरिका चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश दिवस मोजते. सलग तीन वर्षे १५० दिवस राहिलात तर १५० अधिक ५० अधिक २५, म्हणजे २२५. बेरीज १८३ झाली की तुम्ही करापुरते रहिवासी. चालू वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी असतील आणि घर-संसार भारतातच असेल, तर १५ जूनपर्यंत Form 8840 भरून हे टाळता येते. नवरा-बायकोने वेगवेगळा भरायचा. ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला असेल तर ही वाट बंद.

मुलाने मला त्याच्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवले आहे. पेन्शन सांगायची गरज आहे का?

आहे. २०२५ साठी अवलंबिताचे करपात्र ढोबळ उत्पन्न ५,२०० डॉलरपेक्षा कमी असावे लागते आणि पेन्शन त्यात मोजली जाते. मुलाला आजच सांगा.

Form 67 भरायला सांगतात. भरू?

तो भारतातल्या निवासींनी परदेशात भरलेल्या कराच्या वजावटीसाठी आहे. अनिवासी असाल तर तुमचा नव्हे.

पेन्शनखेरीज हापूसच्या बागेचे पैसे येतात. शेतीउत्पन्न करमुक्त, मग तिकडे दाखवायचे कशाला?

करमुक्त भारतात. ग्रीन कार्डधारकाला तिथे ते दाखवावेच लागते. भारतात त्यावर कर भरलेला नसल्याने वजावटीलाही काही उरत नाही. खत, फवारणी, राखण, पेट्या आणि वाहतूक यांच्या पावत्या जपून ठेवा. तिथे खर्च वजा करण्यासाठी पावती लागते. वर्षाची विक्री मोठी असेल तर यंदाचा हंगाम संपण्याआधीच सल्लागार गाठा.