आधी मच्छरदाणी, मग मशीन

प्रश्न : आमच्या घरात दीड महिन्याची मुलगी आणि जावेचा नऊ महिन्यांचा मुलगा आहे. चौथा मजला, तरी डास खूप. बाळांसाठी कोणती मच्छरदाणी घ्यावी? आणि मशीन, कॉइल, अगरबत्ती, क्रीम यांतलं काय चालेल?

उत्तर : मी महापालिकेच्या कीटकनाशक विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीच्या वयात मच्छरदाणी आणि अंगभर सुती कपडे हाच खरा बचाव आहे. दोन महिने पूर्ण होईपर्यंत डास पळवणारं कुठलंही क्रीम, रोल-ऑन किंवा स्प्रे तिच्या त्वचेला लावू नका, पाकिटावर बाळाचं चित्र असलं तरीही. म्हणून मच्छरदाणी नीट निवडण्यावर थोडा वेळ घालवा.

दुकानात जाताना शाळेची पट्टी सोबत न्या. जाळी पट्टीवर ताणून धरा आणि एका इंचात भोकं किती ते मोजा. आडवी बारा आणि उभी तेरा असली की चौरस इंचात १५६ भोकं होतात. डासांसाठी हेच जुनं, रुळलेलं माप आहे. आठ-नऊच भोकं भरली तर ती जाळी माशांसाठी ठीक, डासांसाठी नाही. उलट फार दाट, कापडासारखी जाळीही नको, कारण मे महिन्यात आत हवा खेळत नाही आणि बाळ घामानं भिजतं.

तुमच्या मुलीसाठी छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी चालेल. ती अजून पालथी पडत नाही. पण दोन गोष्टी पाहा. ज्या छत्रीला खाली तळ नसतो ती मऊ गादीवर ठेवली की कडेला फट राहते आणि डास तिथूनच आत शिरतो. तळासकट चेन असलेली घेतलीत तर तळाची गादी घट्ट आणि सपाट हवी, बोट दाबलं की खोल रुतणारी नको. आत उशी, लोड, मऊ खेळणी काही ठेवू नका. दुसरं म्हणजे बाळाचा हात-पाय जाळीला टेकला तर डास बाहेर बसूनच चावतो. तिला मधोमध निजवा. पाळण्यावर किंवा झोळीवर नुसती जाळी टाकतात, तिथे हमखास असंच होतं. झोळीच्या कापडातूनही डास खालून चावतो, त्यामुळे जाळी झोळीपासून चारी बाजूंनी लांब राहील अशी वरून टांगावी लागते.

नऊ महिन्यांच्या मुलाला मात्र ही छत्री देऊ नका. तो उठून बसतो, जाळी ओढतो, छत्री त्याच्या अंगावर कलंडते आणि तोंड जाळीत अडकू शकतं. त्याच्यासाठी पूर्ण पलंगाची चौकोनी मच्छरदाणी घ्या आणि कडा गादीखाली वीतभर तरी खोचा. बांधायच्या दोऱ्या त्याच्या हाताला लागतील अशा लोंबू देऊ नका. रात्री दिवा लावून आत एकदा नजर फिरवायची सवय ठेवा. एखादा डास आत अडकला असेल तर तो रात्रभर आतच चावत राहतो.

कीटकनाशक मुरवलेल्या मच्छरदाण्याही मिळतात. त्यांत डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन असतं. त्यांची भीती बाळगू नका. जागतिक आरोग्य संघटना अशा जाळ्या तपासते तेव्हा बाळ जाळी तोंडात घालून चोखेल हेही गृहीत धरते. पाकिटातून काढल्यावर ती एक दिवस सावलीत उघडी टांगून ठेवा, मगच वापरा. धुताना साधा साबण घ्या आणि वाळवा सावलीतच, उन्हात औषध लवकर उतरतं. पण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये साधी, न फाटलेली, नीट खोचलेली मच्छरदाणीही पुरते.

ही जाळी दुपारीही लावा, हे मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. मी ज्या घरांत तपासणीला जायचो तिथे रात्री जाळी असायची आणि दुपारी बाळ उघड्यावर झोपलेलं असायचं.

आता मशीन. लिक्विडमध्ये बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन असतं. ते पूर्णपणे टाळायलाच हवं असं नाही, पण बंद खोलीत बाळाच्या उशाशी रात्रभर चालू ठेवू नका. तुमच्या घरात मी असं करेन : संध्याकाळी पाचच्या सुमारास बाळांना दुसऱ्या खोलीत न्यायचं, झोपायच्या खोलीत मशीन तासभर चालवायचं आणि मग बंद करायचं. त्यानंतर जाळीच्या खिडक्या उघडून खोलीत हवा खेळू द्यायची आणि मगच बाळांना आत आणायचं. तिथून पुढे मच्छरदाणी. बाळाला सतत शिंका, खोकला किंवा डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तर मशीन कायमचं बंद करा.

मशीन खालच्या प्लगला लावू नका. मुलगा रांगायला लागला आहे, आणि बाटलीतलं द्रव्य रॉकेलसारखं असतं. त्यानं ते प्यायलं तर उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. बाटली हातात घेऊन थेट रुग्णालयात जा.

कॉइल घरात आणूच नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. डास पळवणारी अगरबत्ती त्याहून बेभरवशाची. घरगुती कीटकनाशकाला केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी लागते आणि पाकिटावर 'CIR' ने सुरू होणारा क्रमांक असतो. बऱ्याच स्वस्त अगरबत्त्यांवर तो नसतो, म्हणजे आत काय जळतंय ते कुणीच तपासलेलं नाही. कडुनिंबाचा धूरही शेवटी धूरच आहे. आणि कापूर तर बाळांच्या आसपास नकोच. पोटात गेला तर झटके येतात, आणि रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं.

क्रीम फक्त मुलासाठी, तेही बागेत नेताना. डीट किंवा पिकारिडिन असलेलं चालतं, डीटचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर नको. लेबलवर जास्त वयाची अट असेल तर तीच पाळा. आधी स्वतःच्या तळव्यावर घ्या, मग त्याच्या उघड्या हातापायांना पातळ लावा. तळहात, डोळे-तोंडाजवळ आणि खरचटलेल्या जागी नाही. घरी आलात की साबणाने धुवा. लेमन युकॅलिप्टसचं तेल असलेलं क्रीम मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत, मग त्यावर 'नैसर्गिक' असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो. मनगटावरच्या सिट्रोनेलाच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका, अंगाचा बाकी भाग त्यानं वाचत नाही.

चौथ्या मजल्यावर डास खूप आहेत म्हणजे ते बरेचसे तुमच्याच घरात किंवा वरच्या टाकीत पैदा होत असणार. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एक ठरलेला दिवस घासून कोरड्या करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, एडिसची अंडी काठाला चिकटून राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि तिच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना एकदा वर नेऊन दाखवा.

एवढं करूनही मुलीला १००.४ अंश ताप आला तर घरी वाट पाहू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाच्या तापाला त्याच दिवशी, लगेच डॉक्टर लागतो. मुलाला ताप आला तर डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन देऊ नका. डेंग्यू निघाला तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.